'याचा आनंद होत आहे': जीभ घसरते ती नेमकी कुठे?

प्रश्न: मी नागपुरात बँकेत आहे, वय 44. मागच्या महिन्यात आमच्या मॅनेजर साहेबांच्या निरोप समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. माईकवर म्हणालो, "साहेब आज सेवानिवृत्त होत आहेत याचा आम्हा सर्वांना अत्यंत आनंद होत आहे." म्हणायचं होतं दुःख. सगळा हॉल हसला आणि मला कळेचना लोक काहून हसून राहिले. साहेब आता माझा फोन उचलत नाहीत. सगळे म्हणतात मनातलं ओठावर आलं. घरीही असं होतं, परवा बायकोला म्हणालो "खिसा पाकिटात ठेवला". हा मेंदूचा काही आजार तर नाही ना?

उत्तर: तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून आजार वाटत नाही. कधी काळजी करायची ते खाली सांगते. दोन्ही वाक्यं तुम्ही शब्द न् शब्द लिहिलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण "काहीतरी उलटंच बोलून गेलो" एवढंच सांगतात आणि मग त्यातून काही काढता येत नाही. तुमच्या पहिल्या वाक्यात सगळ्यात बोलका शब्द आहे तो 'याचा'. 'आनंद' त्याच्यामानाने मुका आहे. पण तिथे जाण्याआधी खिसा-पाकीट बघू, कारण ते सोपं आहे आणि बोलणं आत कसं तयार होतं ते त्यातून स्वच्छ दिसतं.

मी इथे नागपुरातच 22 वर्षं स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर शब्द हरवलेली माणसं आणि उशिरा बोलणारी मुलं, हे माझं रोजचं काम. पण धडधाकट माणसांच्या चुका टिपायची एक वही मी कॉलेजपासून ठेवली आहे, कारण बिघडलेलं बोलणं समजायला चांगल्या बोलण्यातली घसरण आधी कळावी लागते.

तर तुम्हाला म्हणायचं होतं, "पाकीट खिशात ठेवलं." तोंडून आलं, "खिसा पाकिटात ठेवला." दोन शब्दांची अदलाबदल झाली, असं वरवर दिसतं. पण 'पाकीट' आणि 'खिशात' हे तयार शब्द जर एकमेकांच्या जागी गेले असते, तर वाक्य झालं असतं "खिशात पाकीट ठेवलं". म्हणजे बरोबरच! मराठीत शब्दांचा क्रम हलला तरी अर्थ हलत नाही. बायकोला काही कळलंही नसतं. तुमच्याकडून झालं ते वेगळं. 'त' हा प्रत्यय आपल्या जागी बसून राहिला आणि त्याच्या मागचा शब्द तेवढा बदलला. बरं, 'पाकीट' त्या जागी गेल्यावर त्याचं 'पाकिटा-' झालं, 'खिशा-' बाहेर आल्यावर त्याचा पुन्हा 'खिसा' झाला, आणि क्रियापदही मुकाट्याने 'ठेवलं'चं 'ठेवला' झालं, कारण खिसा पुल्लिंगी. एका चुकीच्या भोवती तीन गोष्टी अगदी बरोबर झाल्या.

यावरून काय कळतं? बोलायचा आशय ठरल्यावर आपण शब्द उचलतो ते कच्चे, म्हणजे अर्थ आणि व्याकरणाची ओळख एवढंच घेऊन: ही वस्तू, नाम, पुल्लिंगी. आवाज अजून त्याला चिकटलेला नसतो. या कच्च्या शब्दांना वाक्यात जागा दिल्या जातात, कोण कर्म आणि कोण ठिकाण. तुमची गडबड इथे झाली. दोन्ही नामं, दोन्ही एकाच प्रसंगातली, दोघांनाही एकाच वेळी जागा हवी होती. प्रत्यय, सामान्यरूप आणि क्रियापदाचा मेळ हे पुढच्या टप्प्यावरचं काम. त्या टप्प्याला मागे काय घोटाळा झाला त्याची खबर नसते. समोर आलेल्या मालावर तो आपलं काम चोख करतो.

आता याच्या शेजारी दुसरी चूक ठेवा. आमच्या दवाखान्याखालच्या टपरीवर एकाने घाईत ऑर्डर दिली, "दोन पर्री तोहे." तर्री पोहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. इथेही अदलाबदल झाली, पण शब्दांची नाही, आवाजांची. त आणि प. दोघेही आपापल्या शब्दाच्या सुरुवातीचे, आणि सुरुवातीच्याच जागी गेले. 'तर्री'तला 'री' उठून 'पोहे'च्या पुढे जाऊन बसला, असं होत नाही. शब्द अगदी लागून होते. खिसा-पाकिटात दोन्ही शब्द एकाच जातीचे, म्हणजे नामं असणं महत्त्वाचं होतं. आवाजांना शब्दाच्या जातीशी देणंघेणं नाही, ते शेजार बघतात. आणि मराठीचे नियम इथेही पाळले जातात. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही, आणि ळ ला शब्दाच्या तोंडाशी नेऊन बसवणारी चूक माझ्या वहीत एकही नाही.

चुका अशा दोन वेगळ्या तऱ्हांच्या निघतात, त्यावरूनच अभ्यासकांनी आतले टप्पे वेगळे केले. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी 1971 मध्ये दाखवलं की चुका वाटेल तशा होत नाहीत, त्या भाषेच्या सांध्यांवरच तुटतात. मेरिल गॅरेट यांनी 1975 च्या सुमारास शब्दांची आणि आवाजांची अदलाबदल दोन वेगळ्या पातळ्यांवर होते हे मांडलं, आणि विलेम लेवेल्ट यांनी 1989 मध्ये सगळं एका आराखड्यात बसवलं: काय सांगायचं ते ठरवणं, कच्चे शब्द निवडून वाक्यात बसवणं, त्यांना आवाज देणं, मग जीभ-ओठ-स्वरयंत्राला हुकूम, आणि या सगळ्यावर कान ठेवून बसलेला एक आतला पहारेकरी. बारीकसारीक मतभेद आहेत. टप्पे एकामागून एकच चालतात की खालचा टप्पा वरच्याला धक्का देऊ शकतो, यावर अजून वाद आहे. मला स्वतःला धक्का बसतो असंच वाटतं, त्याचं कारण पुढे येईल.

कच्चा शब्द आणि त्याचा आवाज वेगळे असतात हे पटत नसेल तर स्वयंपाकघरात कान द्या. हात भाजत असताना आई ओरडते, "अगं ती दे ना, ती... ती..." आणि सांडशी हा शब्द काही केल्या येत नाही. पण 'ती' आलेली आहे! झारा हवा असता तर "तो दे", उलथनं हवं असतं तर "ते दे" आलं असतं. म्हणजे शब्दाचं लिंग हाती आलंय, आवाज तेवढा यायचाय. (काही जण सगळ्यालाच 'ते' म्हणतात, त्यांच्याकडून काही शिकता येत नाही.) इटालियन बोलणाऱ्यांवर असा प्रयोग झाला आहे: शब्द जिभेवर अडकलेला असतानाही त्याचं लिंग कोणतं हे ते नुसत्या अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त वेळा बरोबर सांगतात.

हे सगळं किती वेगात चालतं तेही बघा. चित्र दाखवून नाव विचारलं, तर तोंडून शब्द सुरू व्हायला साधारण 600 मिलिसेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. आणि आपण बोलतो सेकंदाला दोन-तीन शब्द. हा हिशोब जमतो तो एकाच गोष्टीमुळे: एक शब्द तोंडात असताना पुढचा आवाज घेत असतो आणि त्याच्या पुढचा निवडला जात असतो. लग्नाच्या पंगतीत एक पान वाढून होत असतं तेव्हा पुढच्या पानावर मीठ पडलेलं असतं, तसं. म्हणून पुढचा आवाज मागे घुसतो, 'गरम मसाला'चा 'मरम मसाला' होतो. इतकी घाई असूनही इंग्रजी बोलण्याच्या नोंदींवरून हजार शब्दांमागे एखाद-दुसरीच चूक निघते.

आता तुमचं वाक्य. "सेवानिवृत्त होत आहेत याचा आम्हा सर्वांना अत्यंत आनंद होत आहे." दुःख म्हणायचं असतं तर 'याचं' यायला हवं होतं. याचं दुःख, याचा आनंद. तुम्ही 'याचा' म्हणालात. म्हणजे 'आनंद' हा शब्द तोंडून निघण्याच्या चार शब्द आधीच दुःखाच्या जागी येऊन बसला होता. चूक ऐकू आली 'आनंद'पाशी, पण झाली होती 'याचा'च्याही आधी. जर तुम्ही "याचं आम्हा सर्वांना अत्यंत आनंद" असं म्हणाला असतात, तर मी म्हटलं असतं की दुःख शेवटपर्यंत जागेवर होतं आणि ऐन वेळी ढकललं गेलं. इथे तसं नाही. तुमची गडबड आवाजाची नाही, जिभेची तर मुळीच नाही. ती शब्दाच्या निवडीतली आहे. (व्हिडिओ असेल तर एकदा नीट ऐका. आठवणीतून लिहिताना आपण नकळत व्याकरण दुरुस्त करतो, आणि मग माझं निदानही बदलेल.)

निवडीत आनंदच का आला, आणि समजा 'कंटाळा' का नाही? याला दोन कारणं. आपण एक शब्द उचलायला जातो तेव्हा अर्थाने जवळचे शब्दही थोडे थोडे जागे होतात, आणि विरुद्ध अर्थाचा शब्द सगळ्यात जवळचा असतो. कारण आनंद आणि दुःख यांचं एक टोक सोडलं तर बाकी सगळं सारखं आहे: दोन्ही भावना, दोन्ही 'होतात', दोन्ही 'अत्यंत'. म्हणून डावीकडेला उजवीकडे, कालला उद्या, गरमला थंड अशा चुका होतात. दुसरं कारण खास सूत्रसंचालनाचं. "...करताना अत्यंत आनंद होत आहे" हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा म्हणालात? स्वागताला, उद्घाटनाला, पाहुण्यांच्या परिचयाला. 'अत्यंत' आणि 'होत आहे' यांच्यामधल्या फटीत आनंद बसून बसून तिथे त्याची बैठकच झाली आहे. दुःख तिथे क्वचित येतं. जवळचा शब्द जागा झालेला, त्यात सवयीचा ढकला. एवढं पुरतं.

मग मनातल्या गोष्टीचं काय? हा वाद जुना आहे आणि गंमत म्हणजे तुमच्यासारख्याच चुकीवरून झाला आहे. ऑस्ट्रियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष एकदा अधिवेशन सुरू करायला उभे राहिले आणि सभागृह 'बंद' झाल्याचं जाहीर करून बसले. रुडॉल्फ मेरिंगर या भाषाअभ्यासकाने ही चूक टिपली, 1895 मध्ये त्याने आणि कार्ल मायरने अशा चुकांचा मोठा संग्रह छापला होता. त्याचं म्हणणं, विरुद्ध शब्द मनात शेजारी असतात म्हणून असं होतं. फ्रॉइडने 1901 मध्ये तीच चूक उचलली आणि म्हटलं, छे, त्या अध्यक्षांना सभा बंदच करायची होती. तुमच्या ऑफिसातले लोक फ्रॉइडच्या बाजूचे आहेत.

फ्रॉइड पूर्ण चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. 1970 च्या दशकात मायकल मॉटली आणि बर्नार्ड बार्स यांनी प्रयोगशाळेत मुद्दाम आवाजांची अदलाबदल घडवून आणली. ज्यांच्या अंगाला तारा जोडून 'शॉक बसू शकतो' असं सांगितलं होतं, त्यांच्या चुकांमधून विजेशी संबंधित शब्द जास्त निघाले. म्हणजे मनात जे घोळतंय ते पारड्यात थोडं वजन टाकतं. पण ते वजन भीतीचं असेल, घाईचं असेल, किंवा नुसतं दहा मिनिटांपूर्वी उच्चारलेल्या शब्दाचं असेल. चूक बघून उलटं माणसाच्या मनापर्यंत जाता येत नाही. सहकाऱ्यांना साहेबांबद्दलचं तुमचं मत आधीपासून ठाऊक असेल, तर ते त्यांना चुकीतून कळलेलं नाही. नसेल ठाऊक, तर या चुकीतूनही कळत नाही. दिवसाला तुम्ही बायकोला जितकं उलटंसुलटं बोलता त्यातलं एकही कोणी मनातलं म्हणून लक्षात ठेवत नाही. खिसा पाकिटात ठेवायची छुपी इच्छा कोणाची असते?

राहिलं हे की तुम्हाला स्वतःला का कळलं नाही. तो आतला पहारेकरी काम करतो तो आपण दुसऱ्याचं ऐकतो त्याच यंत्रणेने. त्याला विचित्र गोष्टी चटकन दिसतात. 'पर्री' हा शब्दच नाही, म्हणून तो माणूस तिथल्या तिथे जीभ चावून हसला. प्रयोगांतही असंच दिसतं: अदलाबदलीतून खरे शब्द बनत असतील तर चूक बाहेर पडण्याची शक्यता जास्त, निरर्थक बनत असतील तर कमी. माझ्या एका मैत्रिणीने मुलाला "लटकन ये" म्हटलं, 'लवकर' आणि 'पटकन' एकत्र होऊन. लटकन हा बऱ्यापैकी शब्द असल्यामुळे तो अडवला गेला नाही. (आवाजाचा टप्पा वरच्या टप्प्याला धक्का देतो असं मला वाटतं ते यामुळेच. दुसरे म्हणतात, हे सगळं पहारेकऱ्याचंच काम.) तुमच्या वाक्यात तर अडवण्यासारखं काहीच नव्हतं. 'याचा'शी आनंदचा मेळ बरोबर, 'होत आहे' दोन्हींना चालतं, आणि अख्खं वाक्य ओळखीचं. पहारेकऱ्याने रोजच्या माणसाला सलाम ठोकून आत सोडलं. त्यात तुमचं लक्ष पुढच्या ओळीवर, शाल-श्रीफळ कुणाच्या हातात आहे यावर. लक्ष विभागलं, झोप कमी झाली, वेग वाढला की हा पहारा ढिला पडतो.

उच्चाराबद्दल थोडंच लिहिते, कारण तुमचा प्रश्न तिथला नाही. पण आमच्याकडे 'जीभ अडखळते' म्हणून येणाऱ्यांत खर्रा खाणारे पुष्कळ असतात. त्यांचे शब्द बरोबर निवडलेले असतात, आवाजही बरोबर ठरलेला असतो, पण तोंडच पुरतं उघडत नाही. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होते. ती घसरण नव्हे. ओळखायची खूण अशी की घसरण कधी इथे, कधी तिथे होते आणि पुन्हा म्हटलं की शब्द स्वच्छ येतो. उच्चाराचा दोष त्याच आवाजांवर, प्रत्येक वेळी होतो. खर्रा खात असाल आणि तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, तर माझ्याकडे नाही, आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

आता काळजी कधी करायची. चूक झाल्यावर कोणी सांगितलं की लगेच कळते आणि दुरुस्त करता येते, तोवर महिन्यात अशा दहा झाल्या तरी चालतील. पण बोलणं अचानक बिघडलं, वाक्यामागून वाक्य अर्थहीन येऊ लागलं, समोरच्याचं साधं बोलणं कळेनासं झालं, किंवा सोबत तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, तर घड्याळ बघून थेट मोठ्या रुग्णालयात जा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि "झोपून उठला की बरं वाटेल" म्हणण्यात ते तास जातात. दुसरी हळूहळू येणारी तऱ्हा: काही महिन्यांत रोजच्या वस्तूंची नावं कमी कमी होत जाणं, सगळ्यालाच 'ते, ते हे' म्हणणं, आणि नाव सांगितलं तरी "हो, तेच" असं न वाटणं. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पाकीट-खिसा यांत बसत नाही.

पुढच्या निरोप समारंभासाठी एक करा. कागदावर 'दुःख' ठळक लिहून ठेवू नका, कारण साचा तोच राहिला तर आनंद पुन्हा दारात उभाच असतो. साचाच बदला. "साहेबांची उणीव आम्हाला रोज भासेल" असं लिहा. 'भासेल'च्या आधी आनंद बसत नाही, बसवून बघा. आणि ते वाक्य माईकवर जाण्याआधी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नको, तोंडाने.

साहेबांना फोनऐवजी प्रत्यक्ष जाऊन भेटा. 'याचा' आणि 'याचं'चा हा हिशोब त्यांना समजावत बसू नका, बँकेतले असले तरी तो त्यांना पटणार नाही. खिसा पाकिटात ठेवल्याचं मात्र जरूर सांगा.